आकाश निळं का दिसतं? दहा स्लाइडच्या एका कॅरोसेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका जिल्ह्याच्या गावी काम करणारा छोटा विज्ञानगट दर महिन्याला मुलांसाठी एक कॅरोसेल काढतो. फोनवर बोटाने सरकवत बघायच्या दहा चौकोनी स्लाइड, प्रत्येकीवर एक प्रश्न आणि खाली दोन-तीन ओळींचं उत्तर. वाचक पाचवी ते सातवीची मुलं. स्लाइड शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून पालकांच्या फोनवर जातात आणि काही शाळांत टीव्हीवर लावून वर्गात दाखवल्या जातात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी विषय ठरला: आकाश निळं का दिसतं?

कामात पाच जण होते. मजकूर लिहिणारी ताई, चित्रकार, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक (सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात), जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवणाऱ्या बाई आणि संपादनासाठी मी. शाळेची आणि माणसांची ओळख इथे मुद्दाम दिलेली नाही.

पहिल्या मसुद्याचा क्रम असा होता. मुखपृष्ठावर प्रश्न. मग ‘समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून?’. मग लोलकाचं चित्र आणि तानापिहिनिपाजा. मग हवेत काय असतं, आणि प्रकाश हवेतून जाताना काय होतं. सहाव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात उत्तर होतं: ‘निळा रंग हवेत सर्वात जास्त विखुरतो, म्हणून आकाश निळं दिसतं!’ पुढे संध्याकाळचा तांबडा रंग, दुधाचा प्रयोग, सर सी. व्ही. रामन यांच्यावर एक स्लाइड आणि शेवटी कोडं.

मजकूर सुटसुटीत होता, चित्रं छान होती. मोठ्या माणसांपैकी कुणालाच त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

अडचण

बाईंनी मसुदा वर्गातल्या टीव्हीवर लावला आणि स्लाइड सरकवत गेल्या. मुलांनी काय विचारलं ते त्यांनी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून घेतलं. त्या पानावरच्या तीन प्रश्नांनी पुढचं सगळं काम ठरवलं.

पहिला प्रश्न पाचव्या स्लाइडवरचा. प्रकाश हवेच्या रेणूंवर कसा विखुरतो हे दाखवायला चित्रकाराने कॅरम काढला होता. स्ट्रायकर आपटतो, सोंगट्या चौफेर उडतात. एका मुलाने विचारलं, “बाई, मग तांबडी का नाही उडत? राणी तर लालच असते.” वर्ग हसला, पण त्याची शंका रास्त होती. कॅरममध्ये सोंगटीचा रंग कुठलाही असो, ती सारखीच उडते. निळा जास्त आणि तांबडा कमी, हीच तर सगळी गोष्ट आणि नेमकी तीच त्या चित्रात नव्हती.

दुसरा प्रश्न तानापिहिनिपाजावरून आला. ‘जा’ तर निळ्याच्याही पलीकडे आहे. मग आकाश जांभळं का नाही?

तिसरा प्रश्न एका मुलीचा, आणि सगळ्यांत अवघड तोच होता. “निळा रंग विखुरला म्हणजे इकडेतिकडे निघून गेला ना? मग आपल्याला तो कमी दिसायला पाहिजे.”

बाईंना वर्गात याचं उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी फोन केला तेव्हा ताई म्हणाली, “अहो, पण ती बरोबरच बोलतेय.” खरंच बरोबर होतं. विखुरल्यामुळे सरळ येणाऱ्या प्रकाशातला निळा कमी होतो आणि मावळता सूर्य तांबडा दिसतो तो त्यामुळेच. म्हणजे सहाव्या स्लाइडवर दिलेलं कारण एका बाजूने आकाशाच्या निळेपणाचं होतं, तर दुसऱ्या बाजूने सूर्याच्या तांबडेपणाचं. कारण एक आणि परिणाम दोन. मधली पायरी स्लाइडवर कुठेच नव्हती: आपण बघतोय कुठे?

चित्र तपासल्यावर याचा उगम सापडला. सूर्य होता, हवा होती, रंगीत बाण होते आणि खाली हात वर करून उभा असलेला मुलगाही होता. फक्त एकही बाण त्याच्या डोळ्यापर्यंत पोचत नव्हता. निळे बाण हवेत फुटून संपत होते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काहीही न बदलण्याचा. मुलं लहान आहेत, ‘निळा जास्त विखुरतो’ एवढं लक्षात राहिलं तरी पुरे, बाकीचं नववी-दहावीत येईलच, असं चित्रकाराचं म्हणणं होतं. दहा स्लाइडच्या मर्यादेत ते अगदीच गैरही नव्हतं. पण सहावीच्या मुलीला जी फट दिसली ती बुजवायला नववीपर्यंत थांबायचं, हे बाईंना पटेना. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो. त्या वाक्यात मजकूर कमी होता असं नाही, त्यातून निघणारा अर्थच उलटा होता.

दुसरा पर्याय सरांचा: तरंगलांबी आणायची आणि आकडे द्यायचे. हवेच्या रेणूंमुळे होणारं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. निळ्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ७०० धरली, तर ७०० भागिले ४५० याचा चौथा घात जवळपास ६ येतो. म्हणजे तांबड्यापेक्षा निळा सुमारे सहापट विखुरतो. राणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. रेणूचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, तेव्हा आपटून उडण्याचं चित्र इथे लागूच पडत नाही. प्रकाश रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो आणि ते हलणारे इलेक्ट्रॉन तोच प्रकाश चहूकडे पुन्हा सोडतात. लाट जितकी आखूड तितकं हे जास्त जोरात घडतं.

अडचण अशी की मुलीच्या प्रश्नाला या आकड्यांनी उत्तर मिळत नाही. सहापट विखुरला तर सहापट निघून गेला, असंच ती म्हणाली असती.

तिसरा पर्याय चर्चेत हळूहळू पुढे आला. विखुरण्याचं कारण थोडक्यात सांगायचं आणि जागा द्यायची ती डोळ्यापर्यंतच्या वाटेला. दोन मुलं काढायची. एक सूर्याच्या दिशेने येणाऱ्या प्रकाशाचा विचार करतंय, दुसरं सूर्याकडे पाठ करून आकाश बघतंय. पहिल्याला जे उरलं ते मिळतं, दुसऱ्याला जे विखुरलं ते. तिसरा पर्याय पक्का झाला. सरांचं ‘सहापट’ एका ओळीपुरतं राहिलं आणि चौथा घात शिक्षकांसाठीच्या टिपणात गेला.

काय केलं: डोळ्यापर्यंतचा बाण

नव्या मसुद्यात मधल्या चार स्लाइड अशा झाल्या.

‘सूर्याकडे न बघताही आकाश उजळ का दिसतं?’ उत्तर: ‘सूर्याचा काही प्रकाश आपल्याकडे येतच नव्हता, डोक्यावरून पुढे चालला होता. हवेच्या रेणूंनी त्यातला थोडा बाजूला वळवला. तो तुमच्या डोळ्यात आला. वळवायला हवाच नसती तर तिथे काळोख दिसला असता.’

‘वळलेल्या प्रकाशात कोणता रंग जास्त?’ उत्तर: ‘हवेचे रेणू निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा सुमारे सहापट जास्त विखुरतात. म्हणून बाजूने डोळ्यात येणाऱ्या प्रकाशात निळा जास्त.’

‘मग सूर्यातला निळा कमी झाला का?’ हा त्या मुलीचा प्रश्न, तिच्याच शब्दांच्या जवळ ठेवलेला. उत्तर: ‘हो, थोडा. भरदुपारी निळ्याचा साधारण पाचवा भाग वाटेत विखुरतो. उरलेला सरळ येतो.’

‘संध्याकाळी काय बदलतं?’ उत्तर: ‘मावळत्या सूर्याचा प्रकाश हवेतून खूप लांबची वाट कापून येतो. निळा वाटेतच जवळजवळ संपतो. उरतो तो नारिंगी-तांबडा.’

हे आकडे सरांनी कागदावर काढून दिले होते. हवा स्वच्छ आणि सूर्य थेट डोक्यावर असेल तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्यातला शंभरात सुमारे २० भाग विखुरतो आणि ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यातला तीन-चार भागच. सूर्य क्षितिजाला टेकला की प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. तेवढ्या वाटेत निळा नाहीसा होतो, पण तांबड्याचा साधारण पाव भाग तरी पोचतो. यातला ‘पाचवा भाग’ एवढाच आकडा स्लाइडवर घेतला, कारण त्याशिवाय ‘थोडा’ म्हणजे किती हे मुलांना कळत नाही.

मधल्या स्लाइडचं चित्र पुन्हा काढलं. सूर्य डावीकडे. त्याचा एक पांढरा बाण मुलीच्या डोक्यावरून बराच उंचावरून उजवीकडे निघालेला. वाटेत एका ठिपक्यापाशी त्यातून एक निळी रेघ फुटून सरळ खाली मुलीच्या डोळ्यात उतरते. चित्रकाराला बाकीच्या दिशांना जाणाऱ्या रेघाही हव्या होत्या आणि त्या असतातच. पण सगळ्या सारख्या जाड काढल्या की डोळ्याकडे येणारी रेघ हरवत होती. शेवटी बाकीच्या फिकट ठेवल्या आणि ही एकच ठळक.

चित्रात सूर्याकडे बघणारं मूल दाखवायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. चित्रातलं मूल जे करतं ते मुलं करून बघतात. त्यामुळे मावळतीच्या स्लाइडवर मूल सूर्यासमोर नसून सूर्याचा तांबूस उजेड पडलेल्या भिंतीकडे बघतंय. त्या स्लाइडवर ‘सूर्याकडे थेट बघू नका’ ही ओळ आहे. पहिल्या मसुद्यात ती फक्त शेवटच्या स्लाइडवर होती.

समुद्राची स्लाइड आणि रामन

‘समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून?’ ही स्लाइड मुलांचा गैरसमज आधी बाहेर काढावा म्हणून ठेवली होती. पद्धत चांगली आहे, पण कॅरोसेलमध्ये ती अंगलट येऊ शकते. पालकांच्या गटात दहाही स्लाइड नेहमी एकत्र फिरत नाहीत. कुणीतरी एखादीच पुढे पाठवतं. वर प्रश्नचिन्हासकट गैरसमज, खाली निळ्या समुद्रात निळ्या आकाशाचं सुंदर चित्र, आणि उत्तर पुढच्या स्लाइडवर. ती एकटी पोचली तर बघणारा ते चित्र उत्तर म्हणूनच घेणार.

यातून गटाने एक नियम केला: प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच स्लाइडवर, आणि कुठलीही स्लाइड एकटी वाचली तरी खरी ठरली पाहिजे. समुद्राच्या स्लाइडवर चित्र बदललं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, विदर्भातलं एक शेत आणि वर निळं आकाश. ओळ अशी: ‘नाही. जिथे समुद्र जवळपासही नाही, तिथेही आकाश निळंच असतं.’

याच स्लाइडला जोडून रामन यांचा प्रश्न सुटला. विज्ञान दिन म्हटलं की रामन येणारच, आणि पहिल्या मसुद्यात ताईने लिहिलं होतं की आकाश निळं का याचा शोध रामन यांनी लावला. फेब्रुवारीत फिरणाऱ्या कितीतरी संदेशांत हे वाक्य असतं. ते चुकीचं आहे. आकाशाच्या निळ्या रंगाचं गणिती स्पष्टीकरण लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये दिलं आणि धूळ नसली तरी हवेचे रेणूच त्याला पुरेसे आहेत हे १८९९ मध्ये दाखवलं. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांना सापडला तो वेगळा परिणाम. त्यात विखुरलेल्या प्रकाशाच्या अगदी लहान भागाची तरंगलांबीच बदलते. आकाश निळं दिसताना तसं काही होत नाही, निळा प्रकाश निळाच राहून दिशा बदलतो.

पण रामन यांची खरी गोष्ट या मालिकेत चपखल बसते. १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं रॅली यांचं मत होतं. रामन यांनी निकोल लोलकातून पाणी बघितलं. विशिष्ट कोनात त्या लोलकातून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड कापता येतो. तो कापल्यावरही समुद्र निळाच राहिला, उलट जास्तच खुलला. म्हणजे मुलांचा गैरसमज दोन्ही बाजूंनी ढासळतो: आकाशाला समुद्राची गरज नाही, आणि समुद्राचा रंगही निव्वळ आकाशाची उसनवारी नाही.

रामन यांची स्लाइड नवव्या जागेवरून उचलून समुद्राच्या लगेच मागे आणली. मथळा ठेवला ‘मग समुद्र निळा का, हे कुणी तपासलं?’. सरांनी एक शब्द मात्र अडवला. ताईने लिहिलं होतं की समुद्र निळा दिसतो तो पाण्याच्या रेणूंमुळे प्रकाश विखुरतो ‘म्हणून’. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, हे त्यामागचं मोठं कारण आहे. स्लाइडवर आता एवढंच आहे की रामन यांनी प्रतिबिंब वगळून पाहिलं आणि निळा रंग तरीही होता.

दुधाचा प्रयोग का फसला

मूळ कृती होती: पेलाभर पाण्यात चमचाभर दूध घाला, बाजूने टॉर्च लावा, पाणी निळसर दिसेल. बाईंनी वर्गातल्या काही मुलांना घरी करून बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, “बाई, पांढरंच दिसतंय.”

दोन कारणं होती. एक, चमचाभर दूध फार होतं. त्यात प्रकाश एकदाच विखुरून डोळ्यात येत नाही, पुन्हा पुन्हा विखुरत राहतो आणि सगळे रंग परत मिसळतात. दुसरं कारण घरोघरच्या दुधात होतं. म्हशीच्या साईच्या दुधात स्निग्धाचे गोळे काही मायक्रोमीटरचे असतात, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे. एवढे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. निळसर छटा येते ती दुधातल्या प्रथिनांच्या बारीक कणांमुळे, जे मायक्रोमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढे असतात. साय आणि स्निग्ध जितकं कमी, तितका निळा चांगला दिसतो.

नवी कृती अशी लिहिली. खोलीत अंधार करा. पारदर्शक, सरळ बाजूंची लांबट बाटली पाण्याने भरून आडवी ठेवा, मागे काळा कागद धरा. साय पूर्ण काढलेलं किंवा कमी स्निग्धाचं दूध थेंब थेंब घाला, प्रत्येक थेंबानंतर हलवा. बाटलीच्या बुडाकडून फोनचा टॉर्च लावा. बाजूने बघा: टॉर्चजवळचं पाणी निळसर. मग बाटलीच्या तोंडासमोर पांढरा कागद धरा आणि त्यावर पडलेला उजेड बघा: पिवळट, आणखी थेंबांनी नारिंगीकडे. टॉर्चमध्ये थेट बघायचं नाही म्हणून कागद. पेल्यापेक्षा बाटली बरी, कारण प्रकाशाला जितकी लांब वाट तितका पिवळेपणा उठून दिसतो. आखूड पेल्यात तो फोनच्या पांढऱ्या टॉर्चने जेमतेम कळतो.

फसलेला प्रयोग वाया गेला नाही. ‘दूध जास्त झालं तर?’ अशी एक स्लाइड ढगांसाठी वापरली. ढगातले पाण्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचे असतात. ते सगळे रंग सारखे विखुरतात, म्हणून ढग पांढरे. माझ्या मते सगळ्या मालिकेतली ही सर्वांत चांगली स्लाइड आहे, कारण मुलाला आधी हातातल्या बाटलीत पांढरं दिसलेलं असतं.

सरांच्या आग्रहाने प्रयोगाखाली एक ओळ घातली: ‘बाटलीत दुधाचे कण आहेत, आकाशात हे काम स्वच्छ हवाच करते.’ ती नसती तर आकाशात धुळीमुळे निळा रंग येतो, हा जुना समज प्रयोगाने पक्का केला असता. धूळ वाढली की आकाश उलट पांढुरकं होतं.

जांभळ्याचं काय करायचं

स्लाइड संपत आल्या होत्या आणि हा प्रश्न उरला होता. ताईला तो कोड्यात ढकलायचा होता. शिवाय तिने एक उत्तरही तयार ठेवलं होतं: जांभळा प्रकाश वरच्या हवेत शोषला जातो. हे उत्तर बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण ओझोन मुख्यतः अतिनील किरण शोषतो, दिसणारा जांभळा त्यातून बहुतांश खाली येतो.

खरं उत्तर तीन धाग्यांचं आहे. जांभळा निळ्यापेक्षा जास्तच विखुरतो. सूर्यप्रकाशात तो निळ्यापेक्षा कमी असतो. आणि आपला डोळा जांभळ्याला फारसा दाद देत नाही. आकाशाकडून येतो तो एकटा निळा नव्हे, सगळ्या रंगांचं मिश्रण येतं. त्यात आखूड लाटांचं पारडं जड असतं, आणि डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी मिळून त्या मिश्रणाला फिकट निळं ठरवतात.

म्हणून सहाव्या स्लाइडवरचं ‘सर्वात जास्त’ काढलं, कारण ते चुकीचं होतं, आणि नववी स्लाइड जांभळ्याला दिली: ‘जांभळाही विखुरतो, निळ्याहून जास्त! पण सूर्याच्या प्रकाशात तो कमी असतो आणि आपले डोळे त्याला कमी ओळखतात.’ कोडं दहाव्या स्लाइडवर राहिलं, पण नवीन: ‘चंद्रावर भरदिवसा आकाश कसं दिसेल?’

काय निष्पन्न झालं

छापील प्रश्नपत्रिका काढली नाही. बाईंनी मुलांना कोरा कागद दिला आणि सूर्यापासून आपल्या डोळ्यापर्यंत निळ्या प्रकाशाची वाट काढायला सांगितली. जुनी स्लाइड बघितलेल्या मुलांच्या पहिल्या चित्रांत निळा बाण सूर्यातून सरळ खाली येत होता, किंवा हवेत निळे ठिपके भरलेले होते. नव्या स्लाइडनंतर बऱ्याच चित्रांत बाण वरून जाऊन वळलेला दिसला. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने दोन बाण काढले, एक आकाशाचा निळा आणि एक सूर्याचा पिवळट, आणि मधे लिहिलं: ‘इथला तिकडे गेला.’

चंद्राच्या कोड्यावर ‘काळं’ हे उत्तर जवळपास सगळ्यांनी दिलं. कारण विचारल्यावर मात्र फरक दिसला. काहींनी हवा नाही म्हणून सांगितलं. काहींच्या मते चंद्रावर कायम रात्रच असते, म्हणून काळं. बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने येत होतं आणि स्लाइडवरचा ‘भरदिवसा’ हा शब्द त्यांनी वाचलाच नव्हता. बाईंनी वर्गात चांद्रवीरांचे फोटो दाखवले: जमिनीवर लख्ख ऊन, सावल्या ठळक आणि वर काळं आकाश.

जांभळ्याची स्लाइड पाचवीच्या मुलांच्या डोक्यावरून गेली. सातवीच्यांना आवडली.

पुन्हा केलं तर

मसुदा चित्रांसह तयार झाल्यावर वर्गात नेला, हे उशिराचं होतं. फक्त प्रश्नांची यादी घेऊन आधी गेलं असतं, तर कॅरम काढायचे श्रम वाचले असते आणि क्रमही मुलांच्या शंकांप्रमाणे लागला असता. पुढच्या विषयापासून बाई आधी नुसते प्रश्न गोळा करतात.

तारखेचाही विचार करायला हवा होता. ‘बाहेर जा, डोक्यावरचं आणि क्षितिजाजवळचं आकाश ताडून बघा’ अशी सूचना शिक्षकांच्या टिपणात होती. डोक्यावर गडद आणि खाली फिकट, कारण क्षितिजाकडे बघताना हवेचा थर जाड असतो आणि प्रकाश अनेकदा विखुरून पांढुरका होतो. पण फेब्रुवारी अखेरीस धुरकट हवेमुळे अनेक गावांत आकाश वरपर्यंतच फिकट असतं. हा फरक पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये स्वच्छ दिसतो. ती सूचना तेव्हा पुन्हा पाठवायचं ठरलं आहे.

एक प्रश्न मालिकेबाहेर ठेवला, कारण तो मालिकेचं स्पष्टीकरणच अपुरं ठरवतो. सूर्य मावळल्यावरही काही वेळ डोक्यावरचं आकाश गडद निळं असतं. नव्या स्लाइड नीट समजलेलं मूल विचारेल: तेव्हा तर प्रकाश लांबच्या वाटेने आलाय, निळा वाटेत संपलाय, मग वर निळा आला कुठून? नुसत्या विखुरण्यावर हिशेब केला तर मावळतीनंतर वरचं आकाश इतकं निळं दिसायला नको. १९५३ मध्ये हल्बर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं की तेव्हाच्या निळ्यात ओझोनचा मोठा वाटा असतो. लांबच्या तिरप्या वाटेत ओझोन पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतो आणि निळा शिल्लक राहतो. शिक्षकांच्या टिपणात हे शेवटच्या परिच्छेदात आहे. मुलांनी विचारलं तरच सांगायचं, असं बाईंनी त्यापुढे पेनाने लिहिलं आहे.